चाळकेवाडीच्या सड्यावरील सराडा सुपर्बा: संख्येचे अंदाज व गृहीतके

चाळकेवाडीच्या सड्यावरच्या दोन तुकड्यांत सराडा सुपर्बा या जातीचे सरडे फासाने पकडून पाठीवर रंगीत ठिपक्यांची खूण केली आणि चार दिवसांनी पुन्हा पकडले. पवनचक्क्यांजवळच्या 'अ' तुकड्यात पहिल्या फेरीत 64, दुसऱ्या फेरीत 71 सरडे मिळाले. त्यांपैकी 22 खूण असलेले. पवनचक्क्यांपासून दूरच्या 'ब' मध्ये हेच आकडे 38, 33 आणि 6. चॅपमनच्या सूत्राने एकूण संख्येचे, म्हणजे N चे, अंदाज काढले; त्यात n1 पहिल्या फेरीतले, n2 दुसऱ्या फेरीतले आणि m दुसऱ्या फेरीतले खूण असलेले सरडे:

```
N = (n1 + 1)(n2 + 1)/(m + 1) - 1
```

'अ' मध्ये 202 सरडे (प्रमाणित त्रुटी 27.5, 95% विश्वास अंतराल 163 ते 274), 'ब' मध्ये 188 (54.1, 119 ते 346). खुणेचे सरडे थोडेच हाती लागले की अनिश्चितता वरच्या बाजूला जास्त पसरते. म्हणून अंतराल लॉग-सामान्य पद्धतीने काढले असून ते अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सारखे नाहीत.

नुसते मोजलेले वेगवेगळे सरडे धरले असते, तर 'अ' मध्ये 113 आणि 'ब' मध्ये 65 असा जवळजवळ दुपटीचा फरक दिसला असता. तो बहुतेक पकडीचा फरक आहे: दुसऱ्या फेरीत सापडण्याची शक्यता 'अ' मध्ये 0.34, 'ब' मध्ये 0.16. 'अ' मधले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात. अंदाजांतला फरक 14 असला, तरी त्याचा अंतराल उणे 105 ते 133 आहे. त्यामुळे 'अ' मध्ये सरडे जास्त आहेत असे आम्ही म्हणत नाही. दोन्हीकडे सारखेच आहेत, हेही या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

हे आकडे काही गृहीतकांवर उभे आहेत. चार दिवसांत जन्म, मृत्यू, ये-जा नगण्य होती, हे पहिले. तुकड्यांना कुंपण नाही, कडेचे सरडे आतबाहेर करत असणार. म्हणून हेक्टरी घनता दिलेली नाही. खुणा टिकल्या, हे दुसरे. कात टाकताना रंग जातो, पण दुसऱ्या फेरीत ताजी कात टाकलेला एकही सरडा दिसला नाही.

प्रत्येक सरडा सापडण्याची शक्यता सारखी असते, हे गृहीतक मात्र पाळले गेले नाही. विणीच्या काळात नर जांभ्याच्या दगडांवर चढून गळ्याचा पंखा फुलवतात आणि आयतेच दिसतात; माद्या गवतात. 'अ' मध्ये खुणेच्या 41 नरांपैकी 17 परत सापडले, 23 माद्यांपैकी फक्त 5. वेगळे हिशेब केल्यास 104 नर आणि 111 माद्या, म्हणजे एकूण 215 येतात. एकत्रित 202 हा आकडा त्यामुळे कमीकडे झुकलेला मानावा. 'ब' मध्ये 6 पुनर्पकडींवर असे विभाजन करण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही आहे. एकदा फास बसलेला सरडा दुसऱ्यांदा दुरूनच पळत असेल, तर अंदाज फुगतो. दोनच फेऱ्यांत हा परिणाम वेगळा काढता येत नाही. वर दिलेले अंतराल फक्त नमुन्यातली अनिश्चितता सांगतात. गृहीतक मोडल्याने येणारी चूक त्यांत धरलेली नाही.