छोटा हॉल दर मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी कथकच्या क्लाससाठी मिळेल का? भाडं आणि डिपॉझिटबद्दल

नमस्कार काका,

मी मानसी, नौपाड्यात मुलांना कथक शिकवते. काल संध्याकाळी हॉलवर येऊन गेले, तुम्ही ऑफिसमधून निघाला होतात, वॉचमन काकांनी तुमचा नंबर दिला आणि सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा म्हणाले, म्हणून जरा मोठा मेसेज करतेय, सावकाश वाचा.

मला पहिल्या मजल्यावरचा छोटा हॉल हवाय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या सुमारास, आठवड्यातून दोन दिवस. खरं तर मंगळवार-गुरुवार बरं पडलं असतं पण गुरुवारी महिला मंडळाचं भजन असतं असं कळलं, त्यांची वर्षानुवर्षांची वेळ आहे ती हलवायला मी अजिबात सांगणार नाही, मंगळवार-बुधवार चालेल. वेळ 5:15 ते 8:15. लहान मुलांची बॅच साडेपाच ते साडेसहा, मोठ्यांची पावणेसात ते आठ, बाकीचा वेळ खुर्च्या बाजूला लावणं, घुंगरू बांधणं-सोडणं आणि पालक मुलांना न्यायला येतात त्यात जातो. लहान बॅचमध्ये 15 जण, मोठ्या बॅचमध्ये 11. बहुतेक चरई, पाचपाखाडीतली आहेत, तिघीजणी कोपरीहून स्टेशनचा पूल ओलांडून चालत येतात, म्हणून आठच्या पुढे मला क्लास लांबवायचाच नाही. पार्किंगचं टेन्शन घेऊ नका, पालक टू-व्हीलरवर येतात आणि पाच मिनिटांत निघतात, गेटसमोर कोणी गाडी लावणार नाही हे मी बघेन.

सध्या आमचा क्लास एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चालतो, तिथे आता बाहेरची मुलं नकोत असा ठराव झालाय. मेपर्यंत मुदत दिली आहे त्यांनी.

आता भाड्याचं. तुमच्या बोर्डवर समारंभाचे अर्धा दिवस आणि पूर्ण दिवसाचे दर आहेत, तासाचा किंवा महिन्याचा दर कुठे दिसला नाही. नियमित क्लासला वेगळा दर आहे का? माझं गणित स्पष्टच सांगते, तीन तासांच्या एका संध्याकाळचे 1,200 रुपये मी देऊ शकते, म्हणजे महिन्यात आठ वेळा झालं तर 9,600 आणि नऊ वेळा झालं तर 10,800. मुलांची फी महिना 1,000 आहे, ती वाढवली तर दोन-तीन मुलं नक्की सोडतील आणि ती मुलं मनापासून नाचणारी आहेत, त्यामुळे याच्या फार पुढे मला जाता येणार नाही. यात लाइट-पंखे धरलेत का? एसी मला नको, खिडक्या उघडल्या की पुरे, पण एसीचे पैसे पॅकेजमध्येच असतील तर ते वजा करता येतील का? झाडू-पोछ्याचे वेगळे पैसे लागतात का? आणि जीएसटी लावता का तेही आत्ताच सांगा, कारण 18 टक्के म्हणजे 9,600 वर 1,728 रुपये होतात, मी जीएसटीत रजिस्टर नाही त्यामुळे ते परत मिळण्याचा प्रश्नच नाही, ते सरळ खर्चात जातात. पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅडव्हान्स देईन, यूपीआय किंवा चेक, फक्त दर महिन्याला पावती हवी.

डिपॉझिट किती असतं? दोन महिन्यांचं म्हणजे साधारण 20,000 पर्यंत मी लगेच देऊ शकते, त्याहून जास्त असेल तर दोन हप्त्यांत चालेल का? आणि ते परत कसं आणि किती दिवसांत मिळतं, कशाकशाचे पैसे त्यातून कापले जातात, हे पत्रात लिहिलेलं असावं अशी विनंती आहे. आमच्या आधीच्या एका जागेवर सोडताना रंगाचे म्हणून निम्मे पैसे कापले आणि आधी काहीच लिहून घेतलेलं नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी आपण दोघांनी मिळून हॉलचे फोटो काढून ठेवू, भिंती, खुर्च्या, स्विचबोर्ड, म्हणजे नंतर वादच नको. करार 11 महिन्यांचा करता की नुसतं संस्थेच्या लेटरहेडवर पत्र देता? एका वर्षाच्या आत भाडं वाढणार नाही एवढं त्यात असेल तर मला फी ठरवता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, आणि नेमका तोच तुमचा लग्नाचा सीझन. तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे रांग लागणार हे मला माहीत आहे आणि संस्थेला त्यातूनच उत्पन्न मिळतं, त्यामुळे एखादा मंगळवार-बुधवार मुहूर्त आला आणि हॉल द्यावा लागला तर मी अडून बसणार नाही, पण निदान 15 दिवस आधी कळवा आणि त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करा, किंवा त्याच आठवड्यात दुसरी संध्याकाळ द्या. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मात्र शक्यतो हात लावू नका काका, कारण तेव्हा मोठ्या मुलींचं हाताने ताल धरून ठेकापढंत, तोडे, तिहाया सगळं पक्कं व्हायचं असतं, आणि एक आठवडा सुटला की लय लगेच सैल पडते, नंतर घरी कितीही केलं तरी ती एकत्र नाचण्याची सवय भरून निघत नाही. परीक्षेची तारीख आली की मी तुम्हाला लगेच कळवेन. गणपती, नवरात्र, दिवाळीला क्लास बंदच असतो, ते दिवस तुम्हाला मोकळे, त्यांचं भाडं लागणार का तेवढं सांगा. निवडणुकीत हॉल मतदान केंद्र म्हणून घेतात का? तसं असेल तर तेही धरून चालू.

अजून एक गोष्ट, जी मीच आधी सांगायला हवी. खाली तळमजल्यावर अभ्यासिका आहे. तत्काराला पाय जोरात पडतात आणि मोठ्या मुलींच्या प्रत्येक पायात शंभर घुंगरू असतात, तो आवाज स्लॅबमधून खाली जाणारच. परीक्षेला बसलेली मुलं खाली वाचत असताना आपण वर धडधड करायची हे मला पटत नाही. म्हणून असं करू, एका संध्याकाळी मी दोन मुलींना घेऊन येते, त्या वर दहा मिनिटं तत्कार करतील, आपण दोघं खाली अभ्यासिकेत बसून ऐकू. फारच आवाज आला तर मी जाड रबरी मॅट आणते, तरी जमलं नाही तर तुम्ही नाही म्हणालात तरी राग नाही. त्याच वेळी फरशीही बघून घेईन, गुळगुळीत टाइल्स असतील तर अनवाणी पायांनी चक्कर घेताना मुली घसरतात.

शेवटचं, एक तबल्याची जोडी, छोटा स्पीकर आणि घुंगरांची पेटी ठेवायला कुलपाचं कपाट मिळेल का, दर वेळी रिक्षातून आणणं कठीण जातं. आणि हॉल उघडून कोण देणार, वॉचमन काकांना जास्तीचं काही द्यायचं असेल तर ते भाड्यातच धरा म्हणजे त्यांनाही मागावं लागणार नाही.

शनिवारी सकाळी 11 नंतर मी हॉलवर येऊ शकते, आवाजाची ट्रायल सोमवारी संध्याकाळी ठेवू का? कमिटीसमोर अर्ज द्यायचा असेल तर कोणाच्या नावाने लिहू तेही सांगा, शनिवारी सोबत घेऊनच येते, आणि टोकन द्यायचं असेल तर त्याच दिवशी देईन.

मानसी
कथक क्लास, नौपाडा