सीयूईटी (यूजी) २०२५ : फॉर्म भरण्याबाबत सूचना

बारावी कला, सर्व तुकड्या
सांगली, १२ मार्च २०२५

विद्यार्थ्यांनो,

फॉर्मची शेवटची तारीख २२ मार्च आहे. संकेतस्थळ शेवटच्या दोन दिवसांत रखडते, म्हणून येत्या रविवारपर्यंत फॉर्म पूर्ण करा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा किंवा घरातल्याचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येणार आहेत.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच टाका. आधारवर वेगळे असेल तर आजच मला सांगा.

विषय निवडण्याआधी ज्या विद्यापीठात जायचे आहे, त्याची त्या अभ्यासक्रमासाठीची पात्रता वाचा. चुकीचा कोड निवडला तर पेपर चांगला जाऊनही प्रवेशाला उपयोग होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. भाषा व सामान्य क्षमता चाचणी धरून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. आपल्याला लागणारे कोड असे : इंग्रजी १०१, अर्थशास्त्र ३०९, भूगोल ३१३, इतिहास ३१४, राज्यशास्त्र ३२३, समाजशास्त्र ३२६, सामान्य क्षमता चाचणी ५०१. मैत्रिणीने घेतले म्हणून आपणही तेच घ्यायचे, असे करू नका.

शुल्क :
खुला – तीन विषयांपर्यंत १००० रु., पुढील प्रत्येक विषयास ४०० रु.
ओबीसी (नॉन क्रीमीलेअर), ईडब्ल्यूएस – ९०० रु., पुढे ३७५ रु.
एससी, एसटी, दिव्यांग, तृतीयपंथी – ८०० रु., पुढे ३५० रु.

म्हणजे खुल्या प्रवर्गात पाच विषयांना १८०० रुपये. बँकेचा आकार वेगळा.

एसईबीसी दाखला असणाऱ्यांनी नीट लक्ष द्या. तो प्रवर्ग राज्याचा आहे, या केंद्रीय परीक्षेच्या फॉर्मवर नाही. त्या दाखल्यावर ओबीसी निवडू नका. खुला भरा, ईडब्ल्यूएस फक्त केंद्राच्या नमुन्यातला दाखला असेल तरच.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, अलीकडचा, चेहरा सुमारे ८० टक्के, दोन्ही कान दिसणारे. टोपी, मास्क नको. जेपीजी फाईल, २०० केबीच्या आत. मोबाईलवर काढलेला सेल्फी चालवून घेणार नाही. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या किंवा निळ्या पेनाने, वळणदार अक्षरांत करा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही नाकारली जाते. स्कॅन करून फाईल १० ते ३० केबीत बसवा. परीक्षेच्या दिवशीही हीच सही करावी लागेल.

शहरांचे पर्याय घरापासून जवळच्या क्रमाने द्या. जत, आटपाडीकडच्या मुलांनी एसटीची वेळ पाहूनच ठरवावे.

ज्यांच्याकडे स्कॅनची सोय नाही त्यांनी गुरुवार-शुक्रवारी दुपारी २ ते ५ या वेळेत संगणक कक्षात यावे. कागदपत्रे मूळ आणा, मी स्वतः बसणार आहे. पैसे भरल्यावर कन्फर्मेशन पेज उघडले तरच फॉर्म पूर्ण झाला असे समजा. त्याची एक प्रत माझ्याकडे द्या.

वर्गशिक्षक
बारावी कला