रविवारच्या लग्नाचा स्वयंपाक : राहिलेली रक्कम आणि 18 तारीख

मंगळवार, 10 फेब्रुवारी
भुसावळ

राम राम नाना,

पत्रिका पोचली. काकूंनी वर हाताने "सहकुटुंब येणे" लिहिलंय, ते घरात सगळ्यांनी वाचलं. मी तर येणारच, पण चुलीजवळ. तेव्हा आहेर-मानपान माझ्यासाठी काही ठेवू नका, एवढं आधीच सांगतो.

तुमच्या मागे आता पाहुण्यांची, मंडपाची, बस्त्याची धावपळ असणार. म्हणून फोन करून मध्येच अडवण्यापेक्षा लिहून पाठवतो. सवडीने वाचा आणि विकासभाऊलाही दाखवा, म्हणजे दोघांकडे एकच हिशोब राहील.

शनिवार 21 तारखेला संध्याकाळी हळदीचं जेवण, 150 माणसं, ताटामागे 180 रुपये : 27,000.
रविवार 22 तारखेला लग्नाची पंगत, 600 माणसं, ताटामागे 260 रुपये : 1,56,000.
दोन्ही मिळून 1,83,000.
तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडली तेव्हा तुम्ही विसार दिला 21,000. जानेवारीत खात्यावर टाकले 60,000. एकूण 81,000 जमा.
राहिले 1,02,000 रुपये.

ही रक्कम बुधवार, 18 फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत मिळावी, ही विनंती.

बोलणी झाली तेव्हा "कार्याच्या आधी देऊन टाकू" असं तुम्ही म्हणाला होता, आणि तुमचा शब्द मला पुरतो. फक्त "आधी" म्हणजे कोणता दिवस ते तेव्हा ठरलं नव्हतं, म्हणून आज तारीख घालून लिहितोय. 18 च का, तेही सांगतो. 19 ला गुरुवारी शिवजयंती, बँका बंद. शुक्रवारी सकाळी माझा सगळा बाजार. तूरडाळ, तेल, तूप हे किराणावाला एकवेळ उधारीवर देईल, आमचा रोजचा व्यवहार आहे. पण भाजीबाजारात रोखीशिवाय कोणी पोतं हलवत नाही. हळदीच्या भरताला हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी लागतात. तशी 40 किलो एका जागी मिळत नाहीत. बामणोदकडच्या एका शेतकऱ्याला मी सांगून ठेवलंय. तो शुक्रवारी तोडून देणार आणि हातावर पैसे घेणार. तशी वांगी नसली तर भरीत पाणचट होतं, आणि आपल्याकडची माणसं भरताला नाव ठेवायला मागेपुढे पाहत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू!

दुसरी गोष्ट माणसांची. 22 ला रविवार आहे, त्या दिवशी या पट्ट्यात लग्नं भरपूर. बट्ट्या तळणारे आणि वाढपी उचल घेतल्याशिवाय दुसरीकडचं काम सोडत नाहीत. 600 ची पंगत म्हणजे वरण गरम असतानाच बट्टी पानात पडली पाहिजे. वाढणारे चार कमी असले की पहिल्या ओळीचं वरण संपतं तेव्हा शेवटच्या ओळीला नुसतं मीठ वाढलेलं असतं. तसं तुमच्या दारात होऊ द्यायचं नाही. म्हणून नेहमीची माणसं मी बांधून ठेवली आहेत, त्यांची उचल 18 च्या रात्री द्यायची आहे.

बट्टीचं दळण मात्र मी माझ्याकडून टाकून दिलंय. गहू आणि थोडा मका, जाडसर. त्यासाठी तुमच्या पैशाची वाट पाहिली नाही. काम माझ्याकडून सुरू झालंय, हे कळावं म्हणून लिहिलं.

पैसे पाठवण्याचं म्हणाल तर खातं तेच, ज्यावर जानेवारीत 60,000 आले. फोनपे किंवा गुगल पेवरून पाठवणार असाल तर एका दिवसात साधारण एक लाखाच्या वर जात नाही. शेवटच्या दिवशी 2,000 साठी अडकायला नको, म्हणून 17 ला अर्धे आणि 18 ला अर्धे असं केलं तरी चालेल. विकासभाऊ बँकेतून एनईएफटी करणार असेल तर एकदम जाईल. रोख द्यायचे असतील तर मी किंवा माझा मुलगा फैजपूरला येऊन घेऊन जाऊ, पावती तिथेच देऊ. तुम्ही भुसावळपर्यंत यायची गरज नाही. चेक मात्र या वेळी नको, वटून हातात येईपर्यंत बाजाराचा दिवस निघून जाईल. आणि माझ्या नावाने दुसऱ्या कुठल्या नंबरवरून कोणी पैसे मागितले तर आधी मला फोन करा, हल्ली असले प्रकार फार होतात.

कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकल्याचं तुम्ही मागे बोलला होता. ते अजून मोकळे झाले नसतील तर संकोच करू नका, सोमवार 16 तारखेपर्यंत मला एक फोन करा. तेव्हा कळलं तर किराणा उधारीवर उचलून आणि बाकीच्याची जुळवाजुळव करून मार्ग काढता येतो, मग किती आज आणि किती नंतर हे आपण दोघं बसून ठरवू. शुक्रवारी सकाळी कळलं तर मात्र माझ्या हातात काही राहत नाही. फोन आला नाही तर 18 तारीख पक्की धरून मी पुढे जातो.

माणसांचा आकडाही 18 लाच पक्का करू. 600 चे 560 होणार असतील तर तोपर्यंत सांगा, 40 ताटांचे 10,400 कमी करून घेऊ. त्यानंतर किराणा भरलेला असतो, आकडा खाली आणता येत नाही. वाढला तर चिंता नाही, 25-30 पानं जास्तीची मी धरूनच चालतो. त्याहून जास्त उठली तर पंगतीनंतर विकासभाऊसमोर ताटं मोजू आणि त्याच 260 च्या भावाने हिशोब करू. ते पैसे लग्नानंतर चार दिवसांनी दिले तरी चालतील, वरात गेल्या गेल्या मी हिशोबाची वही घेऊन उभा राहणार नाही.

पानात काय काय ते एकदा काकूंना वाचून दाखवा. हळदीला भरीत, पुरी, कढी, खिचडी आणि कांद्याची पात. लग्नाला वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, साधा भात, जिलेबी, मठ्ठा. वरपक्षाकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी मऊ पोळ्या वेगळ्या करायच्या का, हे काकू बघते म्हणाल्या होत्या, त्याचं काही कळलं नाही. 20-25 जणांपुरत्या असतील तर त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत, फक्त आकडा सांगा.

पैसे पोचले की लगेच मेसेज करतो आणि पावती पाठवतो. शनिवारी सकाळी 9 च्या सुमारास आमची गाडी भांडी घेऊन येईल. लॉनच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी आदल्या रात्री भरून ठेवायला सांगा, आणि भरीत भाजायला पऱ्हाट्या तुमच्याच शेतातल्या चालतील. सुक्या बघून दोन गाड्या टाकून ठेवा.

आपला,
रमेश आचारी