ऑस्की सराव : स्टेशन ४, खोकल्याची हिस्टरी

मेडिसिन विभाग, तिसऱ्या वर्षाची सराव परीक्षा. एकूण वेळ १० मिनिटे: दाराबाहेर वाचायला १, पेशंटशी बोलायला ७, परीक्षकांच्या प्रश्नांना २. गुण ३०. या स्टेशनवर तपासणी नाही, त्यामुळे स्टेथोस्कोप बाहेरच्या टेबलावर ठेवावा.

दारावर लावायचा कागद (विद्यार्थ्यांसाठी)

तुम्ही सोलापुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आहात. सुनंदा, वय ३४, खोकल्याची तक्रार घेऊन आल्या आहेत. त्यांच्याशी मराठीत बोलून हिस्टरी घ्या. सात मिनिटांनी घंटा वाजेल. त्यानंतर परीक्षक दोन प्रश्न विचारतील. तपासणी करू नका, औषध सुचवू नका. कागद-पेन वापरू शकता, पण पेशंट समोर बसली आहे हे विसरू नका.

सुनंदाची भूमिका करणाऱ्या ताईंसाठी

तुमचं वय ३४. घरी बसून विड्या वळता. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं आणि संध्याकाळी नेऊन द्यायचं. नवरा यंत्रमागावर टॉवेलच्या कामाला. एका खोलीत पाच माणसं राहता: तुम्ही, नवरा, सासू, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. खोलीला खिडकी एकच, तीही तंबाखू उडतो म्हणून बंद असते.

पहिल्या प्रश्नाला उत्तर एवढंच: "खोकला जाईना झालाय बघा. महिना होऊन गेला. मेडिकलमधनं बाटल्या आणल्या दोन-तीन, काय फरक नाही." मग थांबा. विद्यार्थी गप्प राहून ऐकत असेल तर आपणहून पुढे सांगा: "रात्रीचा जास्त येतो. पोरं उठतात." लगेच दुसरा प्रश्न आला तर हे सांगू नका.

विचारल्यावर सांगायचं ते असं. बेडका पडतो, पिवळसर, सकाळी जास्त, साधारण चमचा-दोन चमचे, वास नाही. संध्याकाळी अंगात कणकण येते, दिवसा काही नाही. रात्री घामानं उशी ओली होते. जेवण जात नाही. वजन केलेलं नाही, पण "दिवाळीला शिवलेला ब्लाउज आता लोंबतोय." जिना चढला तर धाप लागते, सपाटीला नाही. छातीत दुखत नाही, पायाला सूज नाही, झोपताना दम कोंडत नाही. गळ्यात गाठ नाही. साखर कधी तपासली नाही, आईला शुगर होती. आशाताई देतात ती पाळणा लांबवायची गोळी रोज घेता. पाळी दहा दिवसांपूर्वी आली. सकाळी मशेरी लावता. दारू नाही, विडी ओढत नाही ("वळायची ती, ओढायची नाय"). सासरे दीड वर्षापूर्वी खोकून खोकून गेले, काय झालं होतं ते कुणी तपासलं नाही.

रक्ताबद्दल आपणहून बोलू नका. "बेडक्यात रक्त येतं का?" असं विचारलं तर थोडं थांबा, पदर नीट करा आणि म्हणा: "दोनदा आलं. तारेसारखं. गेल्या आठवड्यात." भीती वाटते, पण घरी सांगितलेलं नाही. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत नाही, उलटी झालेली नाही.

आता मुख्य गोष्ट. सहा वर्षांपूर्वी असाच खोकला झाला होता. एका खाजगी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. दोन-अडीच महिने घेतल्या, बरं वाटलं, पैसेही सरले, मग सोडल्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, ते तुम्हाला पक्कं आठवतं. टीबी हा शब्द तेव्हा डॉक्टर बोलले होते, पण सासूनं "ते नाव घरात काढायचं नाही" म्हटलं होतं.

म्हणून "टीबी झाला होता का?" असं थेट विचारलं तर मान हलवून "नाय" म्हणा. "याआधी कधी खोकल्यासाठी लांबचा इलाज घेतला होता का?", "खूप दिवस गोळ्या चालू होत्या का?", "गोळ्यांनी लघवीचा रंग बदलायचा का?" असं काही विचारलं तर खरं सांगा. विद्यार्थ्यानं "का सोडल्या?" असं दरडावून विचारलं तर गप्प व्हा आणि पुढची दोन उत्तरं एका शब्दात द्या. मऊ आवाजात विचारलं तर पैशांचंही सांगा.

मनातली भीती कुणी विचारली तरच: "मला तसलंच काही असंल तर पोरांना लागंल का?"

परीक्षकांसाठी

गेल्या सरावात पेशंटची उत्तरं अशी बांधून दिली नव्हती. जवळजवळ सगळ्यांनी "टीबी, बीपी, शुगर, दमा काही आहे का?" असं एका दमात विचारलं, "नाय" ऐकलं आणि पुढे गेले. चेकलिस्टवर आपण बरोबरची खूण केली, कारण प्रश्न विचारला होता. यंदा ती सोय नाही. ११ आणि १२ या मुद्द्यांना गुण माहिती बाहेर आली तरच द्यायचे. प्रश्न विचारला एवढ्यावर द्यायचे नाहीत.

पेशंटशी बोलणं चालू असताना तुम्ही बोलू नका, मान हलवू नका, चुकला की घड्याळाकडे पाहू नका. अडखळलेला विद्यार्थी आपल्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. सहा मिनिटं झाल्यावर फक्त "एक मिनिट उरलं" एवढं म्हणावं.

खऱ्या ओपीडीत अशा बाईंना आत घेण्याआधी मास्क द्यायचा असतो. कुणी तसं सुचवलं तर गुण नाहीत, पण शेऱ्यात लिहा.

चेकलिस्ट

सुरुवात (३)
१. स्वतःचं नाव सांगितलं, पेशंटचं नाव आणि वय विचारून खात्री केली: १
२. बोलायला चालेल का असं विचारलं, कागदावर लिहिणार असल्याचं सांगितलं: १
३. पहिला प्रश्न मोकळा होता, आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकलं: १ ("काय त्रास होतोय?" विचारून तिसऱ्या शब्दाला "किती दिवस?" म्हणणाऱ्याला शून्य.)

आताचा आजार (८)
४. खोकला किती दिवस, कसा सुरू झाला, दिवसा की रात्री: १
५. बेडक्याचं प्रमाण, रंग, वास: १ (तिन्हीतले दोन चालतील)
६. रक्त: २. किती आणि कितीदा हे काढलं तर १. ते नाक, हिरड्या किंवा उलटीतून नाही याची खात्री केली तर दुसरा. नुसतं "रक्त येतं का?" विचारून उत्तर ऐकून सोडलं तर अर्धा.
७. ताप कोणत्या वेळी, रात्रीचा घाम: १
८. भूक आणि वजन: १ (वजनकाटा माहीत नसेल तर कपडे ढिले झालेत का हे विचारलं पाहिजे.)
९. धाप, छातीतलं दुखणं: १
१०. पायाची सूज, झोपल्यावर लागणारा दम, मानेतल्या गाठी यांपैकी निदान दोन: १

आधीचे आजार आणि औषधं (८)
११. पूर्वीचा लांबलेला इलाज बाहेर आला: २
१२. तो किती दिवस घेतला आणि का सोडला: २ (मुदत १, कारण १. लघवीच्या रंगावरून गोळ्या कोणत्या याचा अंदाज बांधणारा विद्यार्थी भेटला तर शेऱ्यात ठळक लिहा. रिफाम्पिसिनचं नाव पेशंट सांगणार नाही, रंग सांगेल.)
१३. मधुमेह: १. "शुगर आहे का?" एवढ्यावर अर्धा. कधी तपासली का, तहान-लघवी वाढली का, घरात कुणाला आहे का, यांपैकी काही विचारलं तर पूर्ण.
१४. एचआयव्हीबद्दल, आडून का होईना, पण लाज न वाटेल अशा भाषेत: १
१५. चालू औषधं, गर्भनिरोधक गोळी धरून: १ (रिफाम्पिसिननं या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून हा मुद्दा वेगळा ठेवला आहे. बाईला "औषधं काही चालू?" विचारलं तर ती "नाय" म्हणते, कारण तिच्या लेखी ती गोळी औषधात धरत नाही.)
१६. पाळी, गरोदरपणाची शक्यता: १

घर, काम, सवयी (५)
१७. घरात किंवा शेजारी कुणाला असा खोकला होता का: १ (सासऱ्यांची गोष्ट आली पाहिजे)
१८. घरात लहान मुलं, त्यांची वयं: १. पाच वर्षांखालचं मूल घरात आहे हे कळलंच पाहिजे.
१९. काम काय आणि ते कुठे बसून करतात: १
२०. मशेरी, तंबाखू, विडी, दारू, प्रत्येकाचं नाव घेऊन: १ ("व्यसन आहे का?" ला गुण नाही. मशेरीला इकडे कुणी व्यसन म्हणत नाही.)
२१. खोली केवढी, माणसं किती, इलाजाचा खर्च झेपेल का: १

बोलण्याची रीत (४)
२२. पेशंटच्या भाषेत, एका वेळी एकच प्रश्न: १. "हिमॉप्टिसिस" किंवा "कफ विथ एक्स्पेक्टोरेशन" तोंडून निघालं तर शून्य.
२३. गोळ्या सोडल्याची हकिगत दोष न देता ऐकली: १
२४. मनात काय भीती आहे ते विचारलं: १
२५. शेवटी ऐकलेलं थोडक्यात परत सांगितलं, "काही राहिलं का?" विचारलं: १

घंटेनंतरचे प्रश्न (२)

पहिला: "तुमचा पहिला संशय काय, आणि आणखी कोणत्या शक्यता?" फुफ्फुसाचा क्षयरोग पुन्हा उद्भवला, आणि सोबत निदान एक दुसरी शक्यता (ब्राँकिएक्टॅसिस, जुन्या व्रणात बुरशी, कर्करोग) सांगितली तर १.

दुसरा: "या बाईंच्या बोलण्यातली कोणती एक गोष्ट पुढची दिशा बदलते?" अर्धवट सोडलेला इलाज. त्यामुळे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची शंका, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला, रिफाम्पिसिन प्रतिकार पाहायला: १. नुसतं "छातीचा एक्सरे" म्हणणाऱ्याला अर्धा.

एकंदर शेरा

गुणांची बेरीज करण्याआधी, फक्त आपल्या मनाला विचारून, तीनपैकी एक लिहा: "एकटं सोडता येईल", "सोबत कुणी हवं", "अजून नाही". बेरीज २२ येऊन शेरा "अजून नाही" असेल तर गुण बदलू नका. त्या विद्यार्थ्याचा कागद वेगळा ठेवा. त्यानं २५ पैकी बरेच प्रश्न विचारले असतील, पण बाईंकडे पाहिलं नसेल. असे कागद संध्याकाळी चार वाजता विभागात सगळे मिळून पाहू. सुनंदाची भूमिका करणाऱ्या ताईंनाही त्या वेळी बोलवायचं आहे. कोणाला खरं सांगावंसं वाटलं, हे त्यांच्या तोंडून ऐकू.