सारांशलेखन सराव: मधमाशीचा नाच

आज दोन प्रश्न देतेय, वेळ २५ मिनिटं, उत्तरं खाली आहेत पण आधी स्वतः लिहा मगच बघा.

प्रश्न १. खालचा उतारा १०५ शब्दांचा आहे, त्याचा ३५ शब्दांत सारांश लिहा आणि शीर्षक द्या. दोन-चार शब्द इकडेतिकडे चालतील. उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका.

मधमाशीला कुठं भरपूर फुलं सापडली की ती एकटीच रस पिऊन गप्प बसत नाही, पोळ्यात परत येऊन बाकीच्या माश्यांना त्या जागेचा पत्ता सांगते, आणि तो सांगते चक्क नाचून. पोळ्यात अंधार असतो, तरी ती उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ रेषेत चालते, मग वळून परत सुरुवातीला येते आणि पुन्हा तेच करते, बाकीच्या माश्या तिला चिकटून हे सगळं टिपत असतात. थेट वरच्या दिशेला चालली तर फुलं सूर्याच्या बाजूला, चाल उजवीकडे कलली तर सूर्याच्या तेवढंच उजवीकडे, आणि थरथरणं जितका वेळ चालेल तितकी फुलं लांब. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं माश्यांवर खुणा करून, साखरपाण्याच्या वाट्या वेगवेगळ्या अंतरावर ठेवून ही भाषा उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

प्रश्न २. याच उताऱ्याचा हा सारांश तपासा. शब्दमर्यादा ओलांडत नाही, तरी मार्क का जातील?

"मधमाशी फुलं शोधते. पोळ्यात अंधार असतो. ती पोट थरथरवत चालते आणि वळून येते. साखरपाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. १९७३ साली नोबेल मिळालं. माझ्या मते मधमाश्या माणसापेक्षा हुशार असतात."

उत्तर १. शीर्षक: नाचून सांगितलेला पत्ता

फुलं सापडली की मधमाशी अंधाऱ्या पोळ्यात नाचून बाकीच्यांना जागेचा पत्ता सांगते. सरळ चालीचा कल सूर्याच्या संदर्भात दिशा दाखवतो, तर थरथरण्याचा वेळ अंतर. कार्ल फॉन फ्रिश यांनी दीर्घ प्रयोगांतून ही भाषा उलगडली व त्यासाठी नोबेल मिळवलं.

वर आणि उजवीकडे ही दोन उदाहरणं "कल" या एका शब्दात आली बघा, खुणा आणि वाट्या "प्रयोगांतून" मध्ये गेल्या, साल गाळलं तरी अर्थ बिघडला नाही. दिशा किंवा अंतर यातलं एक जरी सुटलं असतं तर मात्र सारांश लंगडा, कारण पत्ता म्हणजे तेच दोन.

उत्तर २. नाचातून पत्ता कळतो हेच कुठं लिहिलेलं नाही, फक्त सुटे तपशील उचललेत आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, नोबेल कुणाला आणि कशासाठी तेही नाही. शेवटचं वाक्य तर उताऱ्यात नाहीच, ते लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत आहे, म्हणून ते पूर्ण काढायचं.