गच्चीवरची भाजी: कुंडी, माती आणि पाण्याचा तक्ता

(व्हिडिओ संहिता. लांबी अंदाजे ६ मिनिटं.)

०:००
दृश्य: सकाळची गच्ची. मिरचीचं पिवळं पडलेलं, मान टाकलेलं रोप. हात आत येतो, बोट मातीत खुपसतो. बोटाला चिकटलेला काळा चिखल अगदी जवळून.

निवेदन: ही मिरची तहानेने गेली असं वाटेल. नाही, बुडून गेली. मी रोज सकाळी एक मग पाणी घालत होते. पानं मलूल दिसली की दुसरा मग. चिखलात मुळांना हवा मिळेना, ती कुजली. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं आणखी मलूल. मग मी काय केलं? तिसरा मग!

आज कुंडी भरायची, माती कालवायची आणि शेवटी पाण्याचा तक्ता. तो तक्ता तुम्हाला वाटतो तसा नाही, एवढंच आत्ता सांगते.

०:३५
दृश्य: रंगाची रिकामी बादली, ग्रो बॅग, मातीची कुंडी, फळांचा प्लास्टिक क्रेट ओळीने.

निवेदन: कुंडी निवडताना आधी खोली बघायची. नक्षी मागाहून.

ग्राफिक १ (ओळी एकेक करून येतात):
मेथी, पालक, कोथिंबीर: १५ ते २० सेंमी खोल, पसरट
मिरची: २५ ते ३० सेंमी, १० ते १२ लिटर
टोमॅटो, वांगी: ३० ते ३५ सेंमी, २० लिटर
काकडी, दुधी: ३५ ते ४० सेंमी, २५ लिटरच्या पुढे, शिवाय चढायला जाळी

निवेदन: मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, त्यामुळे लवकर सुकते. जास्त पाणी घालायचा हात असेल तर ती तुमची मैत्रीण. प्लास्टिकमध्ये ओल टिकते, पण काळं प्लास्टिक भर उन्हात तापतं आणि कडेची मुळं भाजतात. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा. क्रेटला आतून शेडनेट लावलं की पालेभाज्यांना याहून चांगलं काही नाही. रंगाची बादली मात्र आतला रंग पूर्ण खरवडून निघाला असेल तरच. शंका असेल तर तिच्यात फुलं लावा.

दृश्य: बादली पालथी. ड्रिलने तळाला भोकं पाडताना. भाची कॅमेरा धरून आहे.

निवेदन: (भाचीला) अगं, जवळ ये, भोक दिसू दे. (कॅमेऱ्याकडे) साधारण १ सेंटिमीटरची पाच-सहा भोकं. वर जाळीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये म्हणून. आणि बादली विटांवर ठेवायची, नाहीतर भोकं जमिनीला टेकून बंद होतात आणि खाली स्लॅब कायम ओला राहतो.

वजनाचं विसरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भिजलेली २० लिटरची कुंडी २० किलोच्या वर जाते. अशा वीस कुंड्या गच्चीच्या मधोमध मांडायच्या नसतात. जड कुंड्या कडेने, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे. इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

२:००
दृश्य: टेबलावर ओला स्पंज, आडवा धरलेला. थेंब थांबतात. तोच स्पंज उभा केला की पुन्हा पाणी ठिबकतं.

निवेदन: हे बघाच. स्पंज तोच, पाणी तेच. आडवा धरला तर थेंब थांबले, उभा केला तर परत सुटले. कुंडीच्या तळाशी नेहमी एक चिंब थर उरतो. उथळ कुंडीत मुळं थेट त्याच थरात बसतात. आणि तळाला खडी घातली की निचरा होतो म्हणतात ना? तो चिंब थर जात नाही, खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. मीही वर्षानुवर्षं खडी घातली. आता नाही घालत.

२:४०
दृश्य: घमेलं, कोकोपीटची वीट, कंपोस्ट, माती, जाड वाळू.

ग्राफिक २: २ भाग कोकोपीट + २ भाग कंपोस्ट + १ भाग माती + १ भाग जाड वाळू. माप एकच घमेलं. कोकोपीट भिजून फुगल्यावर मोजायचं.

निवेदन: नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, म्हणून एवढा खटाटोप.

पहिलं काम कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वीट पाण्यात बुडवा, फुगू द्या. मग ते पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. त्यात क्षार असू शकतात. न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात.

कंपोस्ट चाळा आणि वास घ्या. पहिल्या पावसासारखा वास आला तर तयार. नाकाला झोंबलं तर अजून मुरायचं आहे, बाजूला ठेवा.

दृश्य: हाताने कालवणं. मग मुठीत मिश्रण घट्ट दाबून मूठ उघडते. गोळा टिकतो, बोटाने टोचताच भुसभुशीत फुटतो.

निवेदन: मुठीची परीक्षा. गोळा झाला आणि टोचल्यावर फुटला, जमलं. बोटांतून पाणी गळलं तर फार ओलं. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा. भरताना वर चार बोटं जागा सोडा, दाबू नका. माती पाण्याने आपोआप बसेल.

४:०५
दृश्य: बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत.

निवेदन: आता पाणी. हा तक्ता पाणी घालायचा नाही, तपासायचा आहे.

ग्राफिक ३ (डावीकडे सूर्य, ढग आणि धुक्याची चिन्हं):
कडक ऊन: रोज सकाळी तपासा, लहान कुंड्या संध्याकाळीही
पावसाचे दिवस: रोज नजर, कुंडीखालच्या थाळ्या काढून ठेवा
थंडी: एक दिवसाआड तपासा
नुकतं पेरलेलं बी: वरचा थर सुकू द्यायचा नाही, झारीने हलकं पाणी

ग्राफिक ४ (बोटाचं चित्र):
दोन पेरं कोरडी: पाणी घाला
वर कोरडं, आत ओल: थांबा
बोटाला चिखल: दोन दिवस विसरा

निवेदन: घालायचं तेव्हा पोटभर, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत. रोज घोटभर घातलं तर मुळं वरच घुटमळतात. पण एक फसगत आहे. कुंडीतलं मिश्रण पूर्ण सुकलं की पाणी पटकन शोषत नाही. पाणी कडेने घसरून खाली येतं आणि आपल्याला वाटतं, पोट भरलं. अशी कुंडी उचलून बघा, हलकी लागेल. ती टबमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायची.

दृश्य: टोमॅटो, तळाशी काळपट खोलगट डाग.

निवेदन: हा डाग रोगाचा नाही. चार दिवस कोरडं, मग एकदम पूर, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही. फवारणीच्या मागे लागू नका. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं थर द्या आणि तपासणी चुकवू नका.

५:४०
दृश्य: दुसरी सकाळ. काल भरलेली बादली, त्यात मिरचीचं नवं रोप. बोट आत जातं, बाहेर येतं. टोकाला ओल.

निवेदन: ओल आहे. (मग पालथा घालत) आज सुट्टी.