दुसऱ्या तिमाहीच्या कॉन्कॉलचा सारांश : गायडन्स, जोखमी आणि व्यवस्थापनाचा सूर

नौपाडा, ठाणे
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे शेअर असलेल्या रबाळे येथील रसायन कंपनीचा सप्टेंबर तिमाहीचा कॉन्कॉल, म्हणजे निकालांवर विश्लेषक आणि गुंतवणूकदारांशी फोनवरून होणारी प्रश्नोत्तरे, गुरुवारी, ६ नोव्हेंबरला दुपारी चार वाजता झाला. त्याचे ध्वनिमुद्रण त्याच रात्री कंपनीच्या संकेतस्थळावर आले. अठ्ठावन्न मिनिटांचे हे ध्वनिमुद्रण मी दोनदा ऐकले असून, आपण सांगितल्याप्रमाणे सारांश मराठीत लिहून पाठवत आहे. व्यवस्थापन जे बोलले ते आणि त्यावरून मी काढलेला अर्थ यांची सरमिसळ होऊ नये म्हणून जिथे मत माझे आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. लिखित ट्रान्स्क्रिप्ट अद्याप आलेले नाही, त्यामुळे कंसातील वेळा ध्वनिमुद्रणातील मिनिटांनुसार आहेत.

आकडे थोडक्यात असे. तिमाहीचा महसूल २१४ कोटी रुपये झाला, जो गेल्या वर्षी याच तिमाहीत १९८ कोटी होता, म्हणजे वाढ सुमारे आठ टक्के. एबिटा मार्जिन, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याचे महसुलाशी प्रमाण, मात्र १७.५ टक्क्यांवरून १५.५ टक्क्यांवर आले. निव्वळ नफ्यातील घट त्यामानाने कमी दिसते, कारण रुपया घसरल्यामुळे मिळालेला ३.१ कोटींचा विनिमय लाभ इतर उत्पन्नात धरलेला आहे. हा लाभ व्यवसायातून आलेला नाही, हे मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी कोणी विचारण्याआधीच सांगितले (०९:१५), याची नोंद त्यांच्या बाजूने घ्यायला हवी.

आता गायडन्सकडे, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेल्या पुढच्या अंदाजाकडे वळतो, कारण या कॉलमधील सर्वांत महत्त्वाचा बदल तिथे आहे आणि तो बदल म्हणून जाहीर केलेला नाही. मे महिन्यातील कॉलमध्ये व्यवस्थापकीय संचालकांनी चालू आर्थिक वर्षासाठी १८ ते २० टक्के महसूलवाढ आणि १७ ते १८ टक्के मार्जिन असे नेमके आकडे दिले होते. गुरुवारी सुरुवातीच्या निवेदनात ‘दोन अंकी वाढ’ एवढाच शब्दप्रयोग आला (१४:३०) आणि मार्जिन ‘१६ ते १७ टक्क्यांच्या आसपास’ राहील असे सांगण्यात आले. एका विश्लेषकाने मेमधील आकडा कायम आहे का, असे थेट विचारले, तेव्हा कंपनीचे दीर्घकालीन उद्दिष्ट बदललेले नाही, असे उत्तर मिळाले (३१:४०). प्रश्न या वर्षाचा होता आणि उत्तर दीर्घकाळाचे होते. माझ्या मते गायडन्स खाली आणलेला आहे, फक्त ‘खाली आणला’ हे शब्द टाळलेले आहेत.

हा खाली आणलेला गायडन्सही सोपा नाही, हे थोड्या हिशेबाने लक्षात येईल. गेल्या वर्षीचा एकूण महसूल ८१० कोटी होता. दोन अंकी म्हणजे किमान दहा टक्के धरले, तर यंदा ८९१ कोटी हवेत. पहिल्या सहामाहीत ४२१ कोटी झाले आहेत, म्हणून उरलेल्या सहा महिन्यांत ४७० कोटी व्हावे लागतील. गेल्या वर्षीच्या दुसऱ्या सहामाहीचा आकडा ४१५ कोटी असल्याने ही वाढ तेरा टक्क्यांहून अधिक होते, तर पहिल्या सहामाहीत ती सातच्याही आत होती. मार्जिनचेही तसेच आहे. वर्षाअखेर १६ टक्के गाठायचे तर दुसऱ्या सहामाहीत सुमारे १६.६ टक्के लागेल, आणि यंदाच्या दोन्ही तिमाहींपैकी एकीनेही ती पातळी गाठलेली नाही.

महाडच्या नव्या प्लांटवर १२० कोटींपैकी ८६ कोटी खर्च झाले असून, डिसेंबरऐवजी तो आता मार्चअखेर सुरू होईल, असे सांगण्यात आले. अर्थपूर्ण महसूल पुढील आर्थिक वर्षातच येईल, अशी पुस्ती मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी जोडली. म्हणजे वरच्या ४७० कोटींमध्ये महाडचा हातभार जवळपास शून्य धरावा.

व्यवस्थापनाने स्वतः सांगितलेल्या जोखमींत अमेरिकी आयातशुल्क पहिले आहे. कंपनीच्या महसुलापैकी २२ टक्के अमेरिकेतून येतो. ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून त्यावर आणखी २५ टक्के असे शुल्क लागू झाले. त्यामुळे पूर्ण ५० टक्क्यांचा फटका या तिमाहीत जेमतेम पाच आठवडेच बसला. पुढच्या तिमाहीत तो संपूर्ण तीन महिने बसेल. शिवाय काही ग्राहकांनी शुल्क लागण्यापूर्वीच जुलैमध्ये माल उचलला, हे संचालकांनी मान्य केले (३६:०५). किती, ते सांगितले नाही. तिमाहीच्या आठ टक्के वाढीतला काही भाग पुढच्या तिमाहीतून उसना घेतलेला असू शकतो, असे मला वाटते.

दुसरी जोखीम चीनमधून येणाऱ्या स्वस्त इंटरमीडिएट्सची, म्हणजे अंतिम उत्पादनासाठी लागणाऱ्या मधल्या टप्प्यातील रसायनांची. तिच्याबद्दल नेहमीचीच वाक्ये ऐकू आली. मात्र साठ्याचे दिवस ९६ वरून ११८ वर गेले आहेत आणि भाव उतरत असताना एवढा माल पडून राहणे चांगले लक्षण नव्हे. रबाळ्याच्या प्लांटचा नऊ दिवसांचा शटडाऊन नियोजित देखभालीसाठी होता, असे सांगितले गेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आपण तीस वर्षे काढली आहेत, तेव्हा पावसाळ्यातल्या अशा शटडाऊनविषयी माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळेल.

एक जोखीम मात्र त्यांनी आपणहून सांगितली नाही. अमेरिकी विक्रीपैकी अंदाजे ४० टक्के एकाच ग्राहकाकडे जाते, हे एका छोट्या गुंतवणूकदाराच्या प्रश्नामुळे बाहेर आले (४७:२०). हा ग्राहक शुल्काचा भार वाटून घ्यायला सांगत आहे का, यावर ‘चर्चा चालू आहे’ एवढेच उत्तर आले.

सुराविषयी लिहिताना मी सावध आहे, कारण आवाजावरून मन ओळखण्याचा दावा मला करायचा नाही. तरीही मोजता येण्याजोग्या गोष्टी आहेत. मे महिन्यात लिखित निवेदन बारा मिनिटांचे होते, या वेळी ते एकवीस मिनिटे चालले आणि प्रश्नांना तितका वेळ कमी मिळाला. शुल्काचा प्रश्न वित्त अधिकाऱ्यांना विचारला असता त्यांच्या पहिल्याच वाक्यात संचालकांनी बोलणे आपल्याकडे घेतले (४१:१०). एरवी सफाईदार इंग्रजीत बोलणारे संचालक अशा दोन ठिकाणी ‘देखिए’ म्हणत हिंदीत शिरले. पाठपुराव्याचा प्रश्न विचारणाऱ्या विश्लेषकाला पुन्हा रांगेत येण्यास सांगितले गेले, पण हा सर्वच कंपन्यांचा शिरस्ता असल्याने त्याला मी महत्त्व देत नाही. उलट कर्ज, रोख प्रवाह आणि महाडचा खर्च यांवरील उत्तरे आकड्यांसह आणि न अडखळता आली. म्हणून एकूण सूर लपवाछपवीचा होता असे मी म्हणणार नाही. ताळेबंदाबाबत तो मोकळा होता, मागणीबाबत आखडता.

डिसेंबरमध्ये आणखी शेअर घ्यावेत का, हे आपण विचारले होते. हा सारांश खरेदी-विक्रीचा सल्ला नाही. मात्र आपण हे शेअर १८ टक्के वाढ गृहीत धरून घेतले होते आणि ते गृहीतक आता कंपनी स्वतः उच्चारत नाही, एवढे नमूद करतो.

सेबीच्या नियमानुसार ट्रान्स्क्रिप्ट पाच कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे पुढील गुरुवारपर्यंत यायला हवे. एक्केचाळिसाव्या मिनिटाला दोघांचे आवाज एकमेकांवर आल्यामुळे शुल्काच्या त्या उत्तरात वित्त अधिकाऱ्यांनी सवलतीचा टक्का उच्चारला की नाही, हे मला नीट ऐकू आलेले नाही. तो भाग लिखित स्वरूपात पाहून आपल्याला त्याच दिवशी कळवतो.

आपला नम्र,
संशोधन साहाय्यक